कोझी वर्णपटातून शेजारचे हायड्रोजन कसे जोडावेत: मेन्थॉलचे संपूर्ण वाचन

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी सोडवलेले द्विमितीय एनएमआर वर्णपट तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. विद्यार्थ्याने रचना आधीच मनाशी ठरवलेली असते, आणि मग त्या रचनेला सोयीचे ठिपके शोधून त्यांच्यावर लाल पेनाने रेघा ओढलेल्या असतात. उत्तर बरोबर आले तरी हे वाचन नव्हे, कारण रचना माहीत नसती तर त्याच वर्णपटातून ती निघाली असती का, हे त्या कागदावरून कळत नाही. या लेखात प्रोटॉन–प्रोटॉन सहसंबंधाचा, म्हणजे कोझीचा, वर्णपट संकेताकडून संकेताकडे कसा वाचत जावा हे मेन्थॉल या एकाच रेणूवर दाखवले आहे. मेन्थॉल मुद्दाम निवडला आहे. पानाच्या टपरीवर ‘पिपरमिंट’ म्हणून मिळणारा हा रेणू लहान आहे, पण त्याचे बारा हायड्रोजन १.० ते ०.८ पीपीएम एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीने बसतात, आणि कोझी वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका तिथेच होतात.

वाचनाचा मूळ नियम एका वाक्याचा आहे. कोझीच्या दोन्ही अक्षांवर तोच प्रोटॉन वर्णपट असतो, कर्णावर प्रत्येक संकेत स्वतःशीच भेटतो, आणि कर्णाबाहेर जिथे ठिपका (क्रॉस पीक) दिसतो तिथे त्याच्या उभ्या व आडव्या रेषेवरचे दोन हायड्रोजन एकमेकांशी युग्मित असतात. हे युग्मन बहुधा दोन किंवा तीन बंधांचे असते. यातल्या ‘बहुधा’ या शब्दाकडे सातव्या टप्प्यात परत यायचे आहे.

## टप्पा १: नमुना आणि मापन

सुमारे १० मिलिग्रॅम मेन्थॉल ०.६ मिलिलिटर CDCl₃ मध्ये विरघळवून घ्यावा. द्रावणात तरंगणारे कण राहू देऊ नयेत, कारण त्यांच्यामुळे रेषा रुंद होतात आणि रुंद रेषांचे लहान युग्मन कोझीत सर्वात आधी नाहीसे होते. प्रथम साधा एकमितीय वर्णपट घ्यावा. त्यानंतर त्याच नळीत D₂O चा एक थेंब टाकून, नळी हलवून, तो वर्णपट पुन्हा घ्यावा. हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन १.४ ते १.६ च्या आसपास कुठेही येऊ शकतो, त्याची जागा द्रावणाच्या तीव्रतेनुसार सरकते, आणि नेमक्या त्याच भागात आपल्याला हवा असलेला एक महत्त्वाचा संकेत आहे. हा अडथळा आधीच दूर केलेला बरा.

कोझी घेताना सर्वाधिक दुर्लक्ष होते ते खिडकीच्या रुंदीकडे. यंत्रावर पूर्वी कोणीतरी ठेवलेली १० पीपीएमची खिडकी तशीच वापरली जाते. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर १० पीपीएम म्हणजे ४००० हर्ट्झ. अप्रत्यक्ष अक्षावर २५६ पायऱ्या घेतल्या तर त्या अक्षावर एका बिंदूचे अंतर जवळजवळ १६ हर्ट्झ पडते. मेन्थॉलचे सगळे संकेत ३.५ पीपीएमच्या खाली असल्यामुळे −०.५ ते ४.५ एवढीच खिडकी पुरते. तेवढ्याच वेळात ते अंतर ८ हर्ट्झवर येते. शिवाय अप्रत्यक्ष अक्षावरचा एकूण मापनकाळ ०.०६४ सेकंदांवरून ०.१२८ सेकंदांवर जातो, आणि ३ हर्ट्झच्या आसपासचे लहान युग्मन दिसायला नेमका हाच वाढीव वेळ उपयोगी पडतो. ब्रुकरच्या यंत्रावर `cosygpqf` या प्रयोगाने एका पायरीला दोन स्कॅन घेतले, तर सारे काम साधारण पंधरा-वीस मिनिटांत होते.

सावधान: खिडकी अरुंद करताना एखादा संकेत तिच्या बाहेर तर राहत नाही ना, हे एकमितीय वर्णपटात आधी पाहावे. बाहेर राहिलेला संकेत अप्रत्यक्ष अक्षावर दुमडून भलत्याच जागी उमटू शकतो.

याच बैठकीत, कोणता हायड्रोजन कोणत्या कार्बनवर आहे हे दाखवणारा संपादित एचएसक्यूसी घेऊन ठेवावा. कोझी एकट्याने वाचता येतो असा आग्रह धरणाऱ्यांनी तिसरा टप्पा वाचून मग ठरवावे.

## टप्पा २: एकमितीय वर्णपटाची यादी

कोझीकडे वळण्यापूर्वी कागदावर एक यादी हवी. रेणुसूत्र C₁₀H₂₀O आहे, त्यामुळे असंपृक्ततेची मात्रा एक येते. कार्बन वर्णपटात CDCl₃ चा स्वतःचा संकेत सोडला तर ७२ पीपीएमच्या वर काहीही नाही, म्हणजे दुहेरी बंध नाही. अर्थात ही मात्रा एका वलयाची आहे. यापलीकडे रचनेचा विचार तूर्त करायचा नाही.

यादी अशी होते: ३.४१ (एक हायड्रोजन), २.१७ (एक), १.९६ (एक), १.६६ व १.६१ च्या आसपास एकमेकांत मिसळलेले दोन, १.४३ जवळ एक व त्याच्याभोवती हायड्रॉक्सिल, १.११ (एक), आणि १.० ते ०.८ या पट्ट्यात बारा. या पट्ट्यातून तीन मेथिल डबलेट वर डोकावतात: ०.९३, ०.९२ आणि ०.८१. बारातून नऊ वजा केले की तीन हायड्रोजन त्या मेथिलांच्या पायाशी दडलेले आहेत हे कळते. एकूण वीस जुळतात. तुमच्या नळीत हे आकडे ०.०१–०.०२ ने इकडेतिकडे होतील, त्याची चिंता नको.

संकेतांना या वेळी कार्बनचे क्रमांक देऊ नयेत. त्यांच्या पीपीएमच्या आकड्यानेच त्यांना ओळखावे. क्रमांक दिला की रचना डोक्यात शिरते आणि मग डोळे तिलाच शोधत राहतात.

३.४१ च्या संकेताचे अंतर्गत अंतरही आत्ताच मोजून ठेवावे. तो १०.४, १०.४ आणि ४.३ हर्ट्झचा, म्हणजे तीन युग्मनांचा आहे. त्याच्या दोन टोकांच्या रेषांमधले अंतर सुमारे २५ हर्ट्झ असायला हवे, कारण ते तिन्ही युग्मनांच्या बेरजेइतके असते. ही बेरीज पुढे चौथ्या टप्प्यात साक्षीदार म्हणून लागणार आहे.

## टप्पा ३: मेथिलीनच्या जोड्या आधी वेगळ्या काढणे

हा टप्पा गाळला जातो, आणि कोझीच्या वाचनातली सर्वात मोठी चूक त्यातूनच जन्म घेते. मेन्थॉलच्या वलयातील प्रत्येक CH₂ चे दोन हायड्रोजन सारखे नाहीत. एक ॲक्सिअल आहे, दुसरा इक्विटोरिअल, आणि त्यांच्या जागांत चक्क एक पीपीएमपर्यंत फरक पडतो. एकाच कार्बनवरचे हे दोन हायड्रोजन एकमेकांशी १२ ते १३ हर्ट्झने युग्मित असल्यामुळे कोझीत त्यांच्यात ठसठशीत ठिपका येतो. ज्याने जोड्या आधी लावलेल्या नाहीत तो या ठिपक्याला शेजारच्या कार्बनची खूण समजतो आणि साखळीत नसलेला एक कार्बन घुसवून बसतो.

एचएसक्यूसीत CH₂ चे ठिपके CH आणि CH₃ च्या विरुद्ध चिन्हाचे, पडद्यावर वेगळ्या रंगाचे, असतात. एकाच कार्बनच्या रेषेवर असे दोन ठिपके दिसले की जोडी ठरली:

- ४५.१ च्या कार्बनवर १.९६ आणि ०.९६
- ३४.५ च्या कार्बनवर १.६६ आणि ०.८४
- २३.१ च्या कार्बनवर १.६१ आणि ०.९८

मेथिलांखाली दडलेले तीन हायड्रोजन इथेच सापडले: ०.९६, ०.८४ आणि ०.९८. एकमितीय वर्णपटात ते कधीच दिसले नसते. उरलेल्यांपैकी ३.४१ (कार्बन ७१.५), १.११ (५०.१), १.४३ (३१.६) आणि २.१७ (२५.८) हे चार CH आहेत.

तपासा: चार CH, तीन CH₂, तीन CH₃ आणि एक OH मिळून दहा कार्बन व वीस हायड्रोजन होतात का? होत नसतील तर पुढे जाऊ नये.

आता कोझीच्या कागदावर १.९६–०.९६, १.६६–०.८४ आणि १.६१–०.९८ हे तीन ठिपके पेन्सिलीने गोल करून त्यांच्यावर ‘एकाच कार्बनचे’ असे लिहावे. त्यांनी रचनेत नवी जोडणी दिलेली नाही.

## टप्पा ४: नकाशा स्वच्छ करणे आणि सुरुवातीचा संकेत निवडणे

तिन्ही मेथिल फार उंच असल्यामुळे त्यांच्यापासून अप्रत्यक्ष अक्षाच्या दिशेने बारीक ठिपक्यांची एक रांग पसरलेली दिसते. ही यंत्राच्या अस्थिरतेची धूळ आहे. खरा ठिपका कर्णाच्या दोन्ही बाजूंना असतो, धुळीचा बहुधा एकाच बाजूला. म्हणून प्रत्येक ठिपक्याचे कर्णापलीकडचे प्रतिबिंब पाहण्याची सवय ठेवावी.

ही धूळ घालवण्यासाठी अनेक जण `syma` ही सममितीची आज्ञा लगेच चालवतात. वाचन पूर्ण होईपर्यंत ती चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती आज्ञा कर्णाच्या दोन्ही बाजूंच्या बिंदूंतील लहान मूल्य दोन्हीकडे ठेवते. दोन उंच संकेतांच्या धुळीच्या रांगा समोरासमोरच्या दोन बिंदूंवर हजर असल्या तर तिथे एक देखणा, सममित आणि पूर्णपणे खोटा ठिपका तयार होतो. माझ्या विद्यार्थिदशेत अशाच एका ठिपक्याच्या भरवशावर मी दोन मेथिल गट शेजारी बसवले होते आणि त्या रचनेची आठवडाभर बाजू लढवली होती.

समोच्च रेषांची पातळी दोनदा ठरवावी. एकदा उंच, म्हणजे फक्त ठळक ठिपके दिसतील अशी, आणि एकदा खाली, म्हणजे धूळ नुकतीच दिसू लागेल अशी. दोन्ही छापील प्रती शेजारी ठेवाव्यात. एकाच पातळीवर वाचणाऱ्याला एक तर कमकुवत ठिपके दिसत नाहीत, नाही तर गर्दीतल्या ठिपक्यांच्या सीमा दिसत नाहीत.

सुरुवात नेहमी अशा संकेताने करावी जो एकटा आहे आणि ज्याचा अर्थ निर्विवाद आहे. इथे तो ३.४१ आहे: ऑक्सिजन असलेल्या कार्बनचा एकमेव हायड्रोजन. सर्वात उंच संकेतापासून, म्हणजे मेथिलांपासून, सुरुवात करण्याचा मोह टाळावा, कारण तिथे दोन मेथिल जवळजवळ एकावर एक बसले आहेत.

३.४१ च्या रेषेवर तीन ठिपके दिसतात: १.९६, १.११ आणि ०.९६. मागच्या टप्प्यामुळे यांतील १.९६ व ०.९६ हे एकाच CH₂ चे आहेत हे आपल्याला माहीत आहे, आणि १.११ हा CH आहे. म्हणजे ऑक्सिजनधारी कार्बनच्या एका बाजूला ४५.१ चा CH₂ आणि दुसऱ्या बाजूला ५०.१ चा CH. आता जपून ठेवलेला साक्षीदार बोलवावा. ३.४१ च्या संकेतात तीन युग्मने होती आणि ठिपकेही तीनच मिळाले. हायड्रॉक्सिलशी ठिपका नाही, कारण साध्या CDCl₃ मध्ये तो हायड्रोजन भराभर अदलाबदल करत असतो.

तपासा: ठिपक्यांची संख्या आणि मल्टिप्लेटमधील युग्मनांची संख्या जुळते का? युग्मने जास्त असतील तर एक ठिपका तुमच्या पातळीखाली राहिला आहे. ठिपके जास्त असतील तर एक धुळीचा किंवा दूरच्या युग्मनाचा आहे.

## टप्पा ५: गर्दीतून पुढे, पण इक्विटोरिअलच्या वाटेने

आता १.११ पासून पुढे जायचे आहे. हा हायड्रोजन ३.४१ ला जोडलेला आहे हे कळले. त्याचे बाकीचे शेजारी शोधायचे.

इथे वाचक साहजिकच ठळक ठिपका शोधतो आणि फसतो. १.११ चा सर्वात मोठ्या युग्मनाचा उरलेला शेजारी ०.९८ ला आहे. दोघांमधले अंतर ०.१३ पीपीएम, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झवर जेमतेम ५२ हर्ट्झ आहे, आणि दोन्ही मल्टिप्लेट स्वतःच ३०–४० हर्ट्झ रुंद आहेत. त्यामुळे हा ठिपका कर्णाच्या पसरट अंगाला चिकटून राहतो. शिवाय त्या पट्ट्यात ०.९८ आणि ०.९६ हे दोन वेगवेगळ्या कार्बनचे हायड्रोजन केवळ ८ हर्ट्झच्या अंतरावर आहेत. या ठिकाणच्या ठिपक्यावर बोट ठेवून ‘हा ०.९८ च आहे’ असे कोणी म्हणाले, तर तो अंदाज आहे, वाचन नाही.

पण नकाशावर दुसरी वाट आहे. ॲक्सिअल हायड्रोजन ०.८ ते १.० मध्ये दाटलेले असले तरी त्यांचे इक्विटोरिअल जोडीदार १.९६, १.६६ आणि १.६१ ला मोकळ्या जागेत आहेत. त्यांची शेजाऱ्यांशी युग्मने लहान, साधारण ३ ते ४ हर्ट्झची, असल्यामुळे ठिपके फिकट असतात. तरीही ते एकटे असतात, आणि मोकळ्या जागेतला फिकट ठिपका गर्दीतल्या ठळक डागापेक्षा अधिक भरवशाचा असतो. म्हणून आता खालच्या पातळीची प्रत समोर घ्यावी.

१.११ च्या रेषेवर १.६ च्या आसपास एक फिकट ठिपका आहे. तो १.६६ चा की १.६१ चा? दोघांत २० हर्ट्झचे अंतर आहे, आणि अप्रत्यक्ष अक्षावर ते नीट वेगळे होत नाही. म्हणून हा निर्णय नेहमी प्रत्यक्ष अक्षावर घ्यावा, म्हणजे १.११ हा अप्रत्यक्ष अक्षावर ठेवून त्याची आडवी चकती काढावी. तुलनेसाठी १.४३ वरही तशीच चकती काढावी, कारण तिथेही १.६ च्या आसपास एक ठिपका येतो. दोन्ही चकत्या एकाखाली एक ठेवल्या की १.११ चा ठिपका १.६१ वर आणि १.४३ चा १.६६ वर मध्यबिंदू धरून बसलेला दिसतो. एकेकटा पाहिला असता तर दोन्हींबद्दल शंका राहिली असती. एकमेकांशेजारी ठेवल्यावर राहत नाही.

निष्कर्ष असा की ५०.१ च्या CH शेजारी २३.१ चा CH₂ (१.६१ व ०.९८) आहे.

## टप्पा ६: आयसोप्रोपिल, आणि चिकटलेले दोन मेथिल

२.१७ च्या रेषेवर दोन भक्कम ठिपके आहेत, एक ०.९३ ला आणि एक ०.८१ ला. एका CH ला दोन मेथिल डबलेट जोडलेले आहेत, म्हणजे हा आयसोप्रोपिल गट. त्याचे दोन मेथिल वेगळ्या जागी दिसतात याचे नवशिक्याला नवल वाटते, पण शेजारी किरल केंद्र असल्यामुळे ते डायस्टिरिओटोपिक आहेत आणि वेगळे दिसणेच स्वाभाविक आहे. ‘आयसोप्रोपिल म्हणजे सहा हायड्रोजनांचा एकच डबलेट’ ही पाठ केलेली ओळ इथे आडवी येते.

उरला ०.९२ चा मेथिल. एकमितीय वर्णपटात तो ०.९३ पासून फक्त ४ हर्ट्झ दूर असल्यामुळे दोघांच्या रेषा एकमेकांत अडकलेल्या दिसतात. कोझीत मात्र त्यांचा प्रश्न चुटकीसरशी सुटतो, कारण त्यांचे शेजारी दूर आहेत. ०.९३ चा ठिपका २.१७ च्या रेषेवर पडतो आणि ०.९२ चा १.४३ च्या. एका अक्षावर ०.०१ पीपीएमचा फरक दुसऱ्या अक्षावर ०.७४ पीपीएमचा होतो. द्विमितीय वर्णपटाकडून घ्यायचे ते हेच: चिकटलेल्या संकेतांना त्यांच्या शेजाऱ्यांवरून ओळखणे.

आता अवघड भाग. आयसोप्रोपिल वलयाला कुठे जोडलेला आहे? २.१७ आणि १.११ यांच्यातील ठिपका हे सांगतो, पण त्यांचे युग्मन फक्त २.८ हर्ट्झ आहे. शिवाय २.१७ चा संकेत सहा मेथिल हायड्रोजनांमुळे सात रेषांत आणि या युग्मनामुळे त्याच्या दुप्पट रेषांत वाटला गेल्यामुळे मुळातच बुटका आहे. रुंद खिडकीत घाईने घेतलेल्या वर्णपटात हा ठिपका अनेकदा दिसतच नाही. अशा वेळी विद्यार्थी लिहितो: ‘ठिपका नाही, म्हणून हे शेजारी नाहीत.’

सावधान: ठिपका असणे हा पुरावा आहे, ठिपका नसणे हा पुरावा नाही. दोन CH बंधांमधला कोन ६० ते ९० अंशांच्या आसपास असला की तीन बंधांचे युग्मनही फार लहान होते, कधी जवळजवळ शून्यावर येते.

ठिपका दिसला नाही तर उपाय दोन आहेत. पहिला, पायऱ्या वाढवून मापनकाळ लांबवणे. दुसरा आणि अधिक सोपा म्हणजे दोन-तीन बंधांवरच्या हायड्रोजन–कार्बन जोड्या दाखवणारा एचएमबीसी. त्यात ०.८१ च्या मेथिलपासून २५.८, २१.० आणि ५०.१ अशा तीन कार्बनांशी ठिपके येतात. ५०.१ म्हणजे १.११ चाच कार्बन. हा मेथिल एकटा उभा असल्यामुळे या साक्षीवर कोणाला शंका घेता येत नाही.

## टप्पा ७: वलय पुरे करणे, आणि फसवा ठिपका

१.४३ हा CH आहे आणि त्याच्यावर ०.९२ चा मेथिल आहे. त्याच्या रेषेवर ०.९ च्या आसपास मोठा डाग दिसतो. त्यात मेथिल आहेच, पण ०.९६ आणि ०.८४ हे दोन ॲक्सिअल शेजारीही त्याच डागाखाली आहेत. त्या डागातून मेथिलखेरीज काहीही वाचू नये. पुन्हा इक्विटोरिअलच्या वाटेने गेले की १.९६ आणि १.६६ असे दोन फिकट, पण मोकळे ठिपके मिळतात. म्हणजे १.४३ च्या एका बाजूला ४५.१ चा CH₂ आणि दुसऱ्या बाजूला ३४.५ चा CH₂ आहे.

आतापर्यंतची साखळी अशी: २३.१, ५०.१ (आयसोप्रोपिलसह), ७१.५ (हायड्रॉक्सिलसह), ४५.१, ३१.६ (मेथिलसह), ३४.५.

दोन टोकांना २३.१ आणि ३४.५ हे दोन CH₂ उरले आहेत. ते एकमेकांना जोडलेले आहेत हे कोझीत दिसते का? प्रामाणिक उत्तर असे की ४०० मेगाहर्ट्झवर नीट दिसत नाही. १.६६ व १.६१ यांच्यातील ठिपका कर्णात बुडालेला असतो, ०.९८ व ०.८४ यांच्यातील मेथिलांच्या दाटीत हरवतो, आणि १.६६–०.९८ व १.६१–०.८४ हे ठिपके एकाच कार्बनवरच्या जोड्यांच्या ठळक ठिपक्यांना लागून येतात. जोडणी इथे सूत्रावरून येते: बाकी सर्व कार्बनांच्या संयुजा भरल्या आहेत, असंपृक्ततेची मात्रा एक आहे, आणि मोकळी टोके फक्त ही दोन. उत्तरपत्रिकेत हे तसेच लिहावे. ‘कोझीवरून’ असे लिहून जो ठिपका दिसला नाही त्याच्या नावावर जोडणी खपवू नये. ती प्रत्यक्ष पाहायचीच असेल तर एचएसक्यूसी-टॉक्सी घ्यावा, म्हणजे प्रोटॉनांची दाटी कार्बनच्या मोकळ्या अक्षावर उलगडते.

आता फसवा ठिपका. खालच्या पातळीच्या प्रतीत १.९६ आणि १.६६ यांच्यामध्ये एक फिकट ठिपका दिसू शकतो, आणि त्याचे प्रतिबिंबही कर्णापलीकडे असते. तो धूळ नाही. तो मानला तर ४५.१ आणि ३४.५ हे CH₂ एकमेकांना लागून आहेत असा अर्थ निघतो आणि १.४३ चा CH साखळीबाहेर फेकला जातो. खरे कारण वेगळे आहे. हे दोन्ही हायड्रोजन इक्विटोरिअल आहेत, त्यांच्यामधले चार बंध एका प्रतलात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात पसरलेले आहेत, आणि अशा मांडणीत चार बंधांवरूनही सुमारे २ हर्ट्झचे युग्मन होते. १.९६ चा संकेत एकमितीय वर्णपटात बारकाईने पाहिला तर सुमारे १२, ४ आणि ३.५ हर्ट्झच्या युग्मनांशिवाय हे चौथे, छोटे युग्मनही त्यात सापडते.

मग १.४३–१.९६ चा फिकट ठिपका खरा शेजार आणि १.९६–१.६६ चा फिकट ठिपका दूरचा, हे ठरवायचे कशावरून? ठिपक्याच्या फिकेपणावरून ठरवता येत नाही, आणि ठरवूही नये. निवाडा संपूर्ण साखळीने करायचा. १.४३ चा CH काढून टाकला तर त्याला दोन्ही बाजूंना शेजारी कोण, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. शिवाय एचएमबीसीत ०.९२ च्या मेथिलपासून ३१.६, ४५.१ आणि ३४.५ या तिघांशी ठिपके येतात. त्याच जागी ०.९३ च्या मेथिलचेही ठिपके मिसळलेले असतात. पण तो आयसोप्रोपिलचा जोडीदार असल्यामुळे २५.८, १६.१ आणि ५०.१ हे त्याचे ठिपके वजा करता येतात. मेथिल ज्याच्यावर आहे तो कार्बन ४५.१ आणि ३४.५ यांच्या मधोमध बसतो, म्हणून त्या दोघांमध्ये थेट बंध नाही.

## टप्पा ८: क्रमांक देणे आणि शेवटची पडताळणी

आता, आणि आत्ताच, क्रमांक द्यावेत. मेन्थॉलसाठी नेहमीच्या टर्पिन क्रमाने मेथिलधारी कार्बन (३१.६) एक, ४५.१ दोन, ७१.५ तीन, ५०.१ चार, २३.१ पाच आणि ३४.५ सहा असे येतात. मेथिल सात, आयसोप्रोपिलचा CH आठ.

मग एक कोरा तक्ता करावा. प्रत्येक हायड्रोजनसमोर रचनेनुसार अपेक्षित शेजारी लिहावेत आणि त्यांच्यापुढे तीनपैकी एक खूण करावी: ठिपका स्वच्छ दिसला, ठिपका गर्दीत असल्याने ठरवता येत नाही, ठिपका अपेक्षित असून दिसला नाही. तिसऱ्या खुणेच्या प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहावे. मेन्थॉलमध्ये ती खूण फार तर २.१७–१.११ ला लागावी, आणि तिचे कारण आपल्याकडे आहे. त्यानंतर उलट दिशेने नकाशावरचा प्रत्येक ठिपका घेऊन त्याचा हिशेब तक्त्यात आहे का ते पाहावे. हा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण करत नाहीत, आणि अशुद्धीचे किंवा डब्ल्यू मांडणीचे ठिपके नेमके त्यातच सापडतात.

अवकाशीय रचनेबद्दल कोझी स्वतः थोडेच सांगतो, कारण साध्या मॅग्निट्यूड कोझीतील ठिपक्याच्या ठळकपणावरून युग्मनाचा आकडा काढता येत नाही. तो एकमितीय वर्णपटातून घ्यावा. ३.४१ च्या संकेतात दोन युग्मने १०.४ हर्ट्झची आहेत, आणि कोझीने त्यांचे धनी ०.९६ व १.११ असल्याचे दाखवून दिले आहे. एवढी मोठी युग्मने ॲक्सिअल–ॲक्सिअल हायड्रोजनांतच येतात, म्हणून तिसऱ्या कार्बनवरचा आणि चौथ्यावरचा हायड्रोजन दोन्ही ॲक्सिअल, आणि त्यामुळे हायड्रॉक्सिल व आयसोप्रोपिल दोन्ही इक्विटोरिअल ठरतात. निओमेन्थॉलमध्ये हायड्रॉक्सिल ॲक्सिअल असल्यामुळे हाच हायड्रोजन ४.१ च्या आसपास, अरुंद मल्टिप्लेटच्या रूपात येतो आणि त्यात १० हर्ट्झचे एकही युग्मन नसते. तुमच्या नमुन्यात ४.१ ला लहानसा संकेत दिसत असेल आणि कोझीतले काही ठिपके तक्त्यात बसत नसतील, तर वाचन चुकले असे समजण्याआधी त्या ठिपक्यांची रेषा ४.१ पर्यंत नेऊन पाहावी.